सिद्धेश्वरातला अर्धा द

गड्ड्याच्या जत्रेत फिरताना दुकानांच्या पाट्या वाचत चला. आपल्या ग्रामदैवताचं नाव चार पाट्यांवर तरी 'सिध्देश्वर' असं दिसेल. सोलापूरच्या पोराला परीक्षेत हाच शब्द आला की रोज डोळ्यांसमोर असलेला चुकीचा पर्यायच ओळखीचा वाटतो. म्हणून आज एकच जोडाक्षर घेऊ, द्ध.

फळ्यावर बघा. सि-द्धे-श्व-र. फोड करू: स् + इ + द् + ध् + ए + श् + व् + अ + र् + अ. आधी द्, मग ध्. छापील द्ध मध्ये ध खाली लोंबकळतो, म्हणून तो नुसता चिकटवल्यासारखा वाटतो. पण वरचं अक्षर आधी, खालचं नंतर.

मग 'ध्द' आला कुठून? ध ला उभी दांडी आहे, ती काढली की अर्धा ध तयार. द ला दांडीच नाही, त्यामुळे त्याचं अर्धं रूप सुटं लिहिता येत नाही. टंकलेखकाला अर्धा ध सोयीचा पडला, आणि पाटी रंगवणाऱ्याने तोच उचलला.

परीक्षेत पर्याय असे येतात: सिध्देश्वर, सिद्देश्वर, सिध्धेश्वर, सिद्धेश्वर. डोळ्याने निवडू नका, शब्द कुठून आला ते बघा. मूळ धातू सिध्, त्याला त लागला. ध् चा द् झाला, त चा ध झाला: सिद्ध. बुध् वरून बुद्ध, युध् वरून युद्ध, शुध् वरून शुद्ध, सगळे याच रांगेतले. तोंडाने तपासायचं असेल तर हळू म्हणा, 'सिद्‌... ध'. पहिल्या अक्षरावर जीभ अडते, हवा सुटते ती दुसऱ्यावर. ध म्हणून हवा सोडलीत की पुन्हा द अडवणं जड जातं.

आता 'उद्ध्वस्त'. इथे भली भली मंडळी 'उध्वस्त' लिहितात. उत् + ध्वस्त. त् चा द् झाला, ध्व तसाच राहिला. फोड द् + ध् + व्, तीन व्यंजनं. पर्यायात दोनच दिसली तर तो खोडा.

पण एक सांभाळा, नाहीतर मला शिव्या घालाल. हवेचं अक्षर पुढे अर्धं येतच नाही, असा नियम करू नका. मराठीच्या स्वतःच्या शब्दांत ते सर्रास येतं: सख्खा, लख्ख, लठ्ठ, मठ्ठ. 'सक्खा' लिहिलात तर गुण जाईल. आणि 'अध्यक्ष' मध्ये ध् + य् आहे, 'विद्यार्थी' मध्ये द् + य्. अध्यक्षांचं बघून 'विध्यार्थी' करणारे माझ्या वर्गात दरवर्षी निघतात, तेही हॉलतिकिटावर छापलेला शब्द समोर असताना.

वह्या काढा. 'पद्धत' आणि 'उद्धार' फोडून दाखवा. 'उद्धार' मध्ये ह कुठे लपलाय तेही शोधा.