मेलेल्याला कसली आलीय लाज

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, माझा परिचय इतका गोड झाला की ऐकताना वाटलं, आपण गेलोय आणि ही शोकसभा चाललीय. विषयाला ते पोषकच आहे. विषय आहे, कादंबरीतला मेलेला निवेदक.

आधी एक जुनं दुखणं. मागे एका स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर होतो. एका हस्तलिखितात मेलेली बाई स्वतःची गोष्ट सांगत होती. सहपरीक्षकांनी शेरा मारला, ‘मयत व्यक्तीने लेखन केव्हा केले, याचा खुलासा नाही.’ मी म्हटलं, अहो, पंचनामा आहे का हा? तर म्हणाले, कागद कुठून आणला ते तरी सांगायला नको? आता गंमत बघा. जिवंत निवेदकाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नायिकेला बाळंतपणाच्या कळा येतायत आणि ती सलग वीस पानं बोलतेय. तिला कोणी म्हणत नाही, बाई, वही कुठं ठेवली होतीस? जिवंत माणसाची थाप चालते, मेलेल्याला मात्र दाखला लागतो. (हशा) हसताय, पण ते हस्तलिखित गेलं ना बाद! माझा राग अजून उतरलेला नाही.

तर या गृहस्थांना मी ज्याच्याकडे पाठवलं असतं, तो ब्राझीलचा माशादो जि असिस. त्याची ‘ब्रास कुबास’च्या मरणोत्तर आठवणींची कादंबरी 1880मध्ये मासिकातून आली, 1881मध्ये पुस्तकरूपानं. अर्पणपत्रिका कोणाला, तर प्रेताला पहिल्यांदा कुरतडणाऱ्या किड्याला! ब्रास रिओचा श्रीमंत, अविवाहित माणूस. 1869च्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, चौसष्टाव्या वर्षी गेला. अंत्ययात्रेला अकरा मित्र. वर पाऊस भुरभुरतोय. एक मित्र कबरीपाशी भाषण करतो की बघा, निसर्गसुद्धा रडतोय. आणि ब्रास लगेच सांगतो, भला माणूस, त्याच्या नावे वीस रोखे ठेवले त्याचं मला वाईट वाटत नाही. तेराव्याला जेवून उठल्यावर ओसरीवर जे कुजबुजत बोललं जातं, ते इथं खुद्द मयतच बोलतोय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मूळ मुद्दा आता पळवतच सांगायला हवा.

लोक समजतात, मेलेल्याला सगळं दिसतं म्हणून लेखक त्याला बोलायला लावतो. सगळं दिसणारा निवेदक तर तृतीयपुरुषी कादंबरीत फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला मारायची गरज नाही. मेल्यानं मिळतं ते वेगळंच. अब्रू जायची भीती उरत नाही. जिवंत माणूस आत्मचरित्रात कबुली देतो तेव्हाही एक डोळा वाचकावर असतो. माफी मिळावी, निदान प्रांजळपणाचे गुण तरी मिळावेत. ब्रासला काहीच नकोय. म्हणून तो खरं बोलतो, आणि तिथंच माशादो त्याला पकडतो.

प्रुदेन्सियोचा प्रसंग घ्या. ब्रास लहान असताना घरातल्या या गुलाम पोराचा घोडा करायचा. तोंडात दोरीचा लगाम, पाठीवर स्वार, हातात छडी. पोर कळवळलं की ब्रास ओरडायचा, ‘गप बस, जनावरा!’ पुढं ब्रासच्या वडिलांनी प्रुदेन्सियोला मुक्त केलं. बऱ्याच वर्षांनी ब्रास रिओतल्या वालोंगोवरून जाताना बघतो, तर प्रुदेन्सियो भर रस्त्यात दुसऱ्या एका काळ्या माणसाला चाबकानं फोडतोय. तो त्याचा स्वतःचा गुलाम. आणि तोंडी तेच शब्द: ‘गप बस, जनावरा!’ ब्रास म्हणतो, माफ कर त्याला. प्रुदेन्सियो उत्तरतो, धन्यांनी सांगायचं, विनंती कसली करायची! ब्रास पुढं चालू लागतो, विचार करतो आणि त्याला हे सगळं मजेशीर वाटतं. खाल्लेला मार प्रुदेन्सियो व्याजासकट वसूल करतोय, बिलंदर बेटा!

निरीक्षण अचूक आहे. पण मूळ मार कोणी दिला होता? ब्रास ते कुठंच लपवत नाही, पण त्याला ते टोचतही नाही. लाज मेलीय, पण मालकी नाही मेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888मध्ये उठली. म्हणजे हे छापलं गेलं तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरात गुलाम होते. आणि लिहिणाऱ्याचे आजोबा-आजी गुलामीतून सुटलेल्या लोकांपैकी. त्यानं मालकाचा धिक्कार करणारी एक ओळ लिहिली नाही. मालकाला मारलं आणि मोकळेपणानं बोलू दिलं.

हो हो, आवरतोच. दुसरी तऱ्हा मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची, कादंबरी ‘पेद्रो पारामो’, 1955. तिथं बोलणारा कबरीतून बोलतोय, हे अर्ध्या वाटेवर कळतं आणि मागची पानं पुन्हा वाचावी लागतात. त्यावर आज बोलता येणार नाही.

फसतं कुठं, तेवढं सांगतो. भूत नुसतं भिंतीआडचं बघायला वापरलं की फसतं. ओळखायची खूण सोपी: निवेदकाला मनातल्या मनात जिवंत करून प्रकरण वाचा. एकही वाक्य बदलावंसं वाटलं नाही, तर बिचाऱ्याला उगाच मारलंय. आणि त्या बाद झालेल्या हस्तलिखितात बाई सासूबद्दल जे बोलली होती ना, ते जिवंतपणी कुठल्याही सुनेला... बरं, बरं, माईक घ्या.