F1800 बदलायचाय? आधी तो कुठे कुठे आहे ते बघा

आवाज येतोय ना मागे? बरं. विषय दिलाय थ्रीडी प्रिंटरचा जी-कोड वाचणं आणि हाताने बदलणं. स्लायसर सगळेच वापरता, त्यामुळे फाइल कुठून येते हे सांगत बसत नाही. साधी टेक्स्ट फाइल आहे हो, नोटपॅडमध्ये उघडते, पण लोक तिच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं बघतात, हे आपल्याला कळायचं नाही म्हणून. दोन ओळी बघू.

```
G0 X70 Y80 F18000
G1 X120 Y80 E1.663 F1800
```

पहिल्या ओळीत नोझल नुसता जातोय, प्लास्टिक नाही. दुसरीत तो X मध्ये 70 वरून 120 ला गेला, म्हणजे 50 मिलिमीटर, आणि जाता जाता 1.663 मिलिमीटर फिलामेंट आत ढकललं. वर कुठेतरी `M83` असेल तर हा E त्या एका ओळीचाच, `M82` असेल तर चढती बेरीज. आता F. हा मिलिमीटर दर मिनिटाला असतो, सेकंदाला नाही! 1800 भागिले 60, म्हणजे सेकंदाला 30. स्लायसरमध्ये सेकंदाचे आकडे बघून सवय झालेला माणूस इथे F30 लिहितो आणि मग प्रिंटर अडकला म्हणून ओरडतो. अडकलेला नसतो, सेकंदाला अर्धा मिलिमीटर चाललेला असतो बिचारा. आणि F चिकट आहे, पुढच्या ओळीत नसेल तर मागचाच चालू राहतो, म्हणजे एका ओळीचा बदललात तरी पुढच्या पन्नास ओळींचा बदलू शकतो.

आता आमच्या एका मित्राची गोष्ट, ही मी सगळीकडे सांगतो, त्याला माहितीये. दोन बारीक मनोरे शेजारी शेजारी, वर जाता जाता टोकं मऊ पडून वाकायची. निदान बरोबर होतं, थर एवढासा, खालचा थंड व्हायच्या आत वरचा येतोय, तर वेग कमी करा. याने काय केलं, फाइल उघडली, F1800 शोधून सगळीकडे F900 टाकलं, रिप्लेस ऑल! टोकं सुधारली. पण दोन मनोऱ्यांच्या मधे कोळ्याचं जाळं. मग फिलामेंट ओलं आहे म्हणून रात्रभर सुकवलं. जाळं तसंच. नोझल बदलला. तापमान उतरवलं. नवीन स्पूल लावला. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी यातलं काहीतरी केलंय.) शेवटी फाइल घेऊन आला, तर त्यात ही ओळ.

```
G1 E-5 F900
```

X नाही, Y नाही, फक्त E आणि तोही उणे. म्हणजे हे रिट्रॅक्शन, उडी मारायच्या आधी फिलामेंट 5 मिलिमीटर मागे ओढणं. मुळात तेही F1800 नेच होतं, सेकंदाला 30. आता 15 झालं, ओढायला दुप्पट वेळ, तेवढ्यात नोझल गळतो. आणि गंमत पुढे आहे. F18000 मधे पण F1800 दडलेलं आहे की नाही? त्याचं झालं F9000. म्हणजे उडीसुद्धा निम्म्या वेगाने, हवेत जास्त वेळ, गळायला अजून सवड. एडिटरने सांगितलं तेच केलं. पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय चालू असता तर निदान F18000 वाचलं असतं, रिट्रॅक्शन तरीही नसतं वाचलं.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत. अरे, मुख्य भाग तर आत्ता येतोय! भरभर सांगतो.

F ला हातच लावू नका. जिथून हळू हवंय तिथली थराची खूण शोधा. क्युरा `;LAYER:60` असं लिहितो, मोजणी शून्यापासून. प्रुसास्लायसर `;LAYER_CHANGE` लिहितो आणि खाली उंची देतो. त्या खुणेखाली वेगाची ओळ घाला, आणि दोन थर आधीच्या खुणेखाली तापमानाची.

```
;LAYER:58
M104 S200

;LAYER:60
M220 S50
```

`M220 S50` म्हणजे इथून पुढचे वेग 50 टक्के. E चं माप तेच राहतं, त्यामुळे रेघ जाड-बारीक होत नाही. उड्या मात्र यानेही हळू होतात, काही फर्मवेअरमधे रिट्रॅक्शनसुद्धा, म्हणून वरच्या थोड्याच थरांना लावा, पहिल्यापासून नको. आणि शेवटी `M220 S100` लिहाच, काही प्रिंटर हे टक्के पुढच्या प्रिंटलाही धरून ठेवतात.

तापमानाला `M104` वापरा, तो सांगून पुढे जातो. `M109` थांबतो, प्रिंटच्या मधेच तापमान वाढवायला तो टाकलात तर नोझल भिंतीवर उभा राहून गळत बसेल आणि तिथे फोड येईल. पण `M104` थांबत नाही म्हणजेच आकडा लगेच गाठला जात नाही, 210 वरून 200 ला यायला थोडा वेळ जातो, म्हणून ती ओळ हव्या असलेल्या थराच्या एकदोन थर आधी घाला. मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा, आणि हो, पुन्हा स्लाइस केलंत की या ओळी गेल्या, परत घालाव्या लागतील.