कोनमापकावरील दोन आकड्यांपैकी खरा कोणता?

नमस्कार. माझ्या हातात एक वर्कशीट आहे. त्यावरील त्रिकोण अबक याचे तिन्ही कोन एका विद्यार्थ्याने मोजून लिहिले आहेत : कोन अ ४८ अंश, कोन ब ११७ अंश आणि कोन क ६९ अंश. लेखन नीटनेटके आहे, आकडे ठामपणे लिहिले आहेत, आणि तरीही यांपैकी एक माप चुकीचे आहे. ते कोणते आणि ते कसे ओळखायचे, हे आपण कोनमापक हातात घेऊनच पाहू.

कंपासपेटीतील हा अर्धवर्तुळाकार कोनमापक कॅमेऱ्याजवळ धरतो. याच्या कडेवर प्रत्येक मोठ्या रेघेजवळ दोन आकडे आहेत. एका ओळीतील आकडे डावीकडील शून्यापासून वाढत जातात, तर दुसऱ्या ओळीतील उजवीकडील शून्यापासून. म्हणून एकाच रेघेवर ६० आणि १२० असे दोन्ही आकडे दिसतात आणि त्यांची बेरीज नेहमी १८० येते. लघुकोन आतल्या ओळीवर आणि विशालकोन बाहेरच्या ओळीवर वाचायचा, असा नियम काही मुले पाठ करतात; तो नियम चुकीचा आहे. कोनाची एक भुजा ज्या शून्यावर टेकली आहे, त्या शून्यापासून सुरू होणारी ओळच वाचायची, मग ती आतली असो वा बाहेरची.

त्याआधी कोनमापक नीट ठेवला पाहिजे. मधला केंद्रबिंदू कोनाच्या शिरोबिंदूवर आणि शून्याची रेघ भुजेवर यायला हवी. प्लास्टिकची खालची कड म्हणजे शून्याची रेघ नव्हे. बहुतेक कोनमापकांत या दोहोंमध्ये थोडी पट्टी असते आणि कड भुजेवर टेकवली, की माप चुकते. मापन सुरू केल्यावर बोट शून्यावर ठेवून शून्य, दहा, वीस असे मोठ्याने म्हणत दुसऱ्या भुजेपर्यंत जावे. भुजा आखूड असेल, तर ती पट्टीने पुढे वाढवावी. त्याने कोन बदलत नाही.

आता शेवटच्या टप्प्यातील एक सूक्ष्म चूक पाहू, जी मला अनेक वह्यांत दिसते. भुजा ६० आणि ७० यांच्या मध्ये, ७० च्या अलीकडे दोन रेघांवर आहे, म्हणजे माप ६८ आहे. परंतु विद्यार्थी जवळचा ७० पकडतो, त्यापासून दोन रेघा मोजतो आणि ७२ लिहितो. येथे ओळ बरोबर निवडली आहे, केवळ मोजण्याची दिशा उलटली आहे. ६८ आणि ७२ यांची बेरीज १८० नाही, त्यामुळे ‘दुसरी ओळ वाचली असेल’ या शंकेने ही चूक सापडत नाही.

आपल्या त्रिकोणाकडे परतू. ४८, ११७ आणि ६९ यांची बेरीज २३४ येते, म्हणजे १८० पेक्षा ५४ ने जास्त. मोजण्यातील किरकोळ फरकाने बेरीज १७९ किंवा १८१ येऊ शकते, २३४ नव्हे. आकृतीत कोन ब काटकोनापेक्षा लहान दिसतो. म्हणून ११७ ऐवजी त्याच रेघेवरचा दुसरा आकडा घेऊ, तो ६३. आता ४८, ६३ आणि ६९ मिळून नेमके १८० होतात. तिन्ही कोन चुकीच्या ओळीवर वाचले असते, तर बेरीज सुमारे ३६० आली असती.

मात्र सरळ रेषेवरील दोन लगतच्या कोनांना ही बेरजेची कसोटी लावताना सावध राहावे. खरी मापे ६५ आणि ११५ असताना विद्यार्थ्याने दोन्ही उलटी वाचून ११५ आणि ६५ लिहिली, तरी बेरीज १८० च येते आणि चूक लपते. येथे आकृती पाहण्याला पर्याय नाही. कोन ८८ अंशांचा असेल, तर ८८ की ९२ हे नजरेला कळणार नाही. तेव्हा कागदाचा सरळ कापलेला कोपरा शिरोबिंदूवर ठेवून त्याची एक कड एका भुजेवर जुळवावी आणि कागद कोनाच्या आतल्या बाजूला पसरू द्यावा. दुसरी भुजा कागदाखाली झाकली, तर कोन काटकोनापेक्षा लहान आणि कागदाबाहेर दिसली, तर मोठा.

कोन काढताना हीच चूक उलट्या दिशेने घडते. वर्कशीटवर शिरोबिंदू ब पासून डावीकडे जाणारी भुजा दिली आहे आणि १३० अंशांचा कोन काढायचा आहे. सवयीने उजवीकडील शून्य धरून १३० जवळ ठिपका दिला, तर तो ठिपका डावीकडे कलतो आणि दिलेल्या भुजेशी केवळ ५० अंशांचा कोन तयार होतो. म्हणून ठिपका देण्याआधी पेन्सिलचे टोक डावीकडील शून्यावर ठेवावे, तेथून ९० ओलांडून १३० पर्यंत सरकवावे आणि मगच ठिपका द्यावा. तो उजव्या अर्ध्या भागात पडला असेल, तर ओळ बरोबर निवडली आहे. आता कोनमापक उचलून ब पासून त्या ठिपक्यातून रेघ ओढावी.