मिरवेल नव्हे, करांदा

(निसर्गप्रेमींसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

पडद्यावर दोन पानं आहेत. डावीकडे जोंधळ्याचं, उजवीकडे जास्वंदीचं. यातलं एकदल कोणतं आणि द्विदल कोणतं, हे सातवी-आठवीतली मुलंही सांगतील. जोंधळ्याच्या शिरा बुडापासून टोकापर्यंत एकमेकींच्या शेजारून समांतर जातात, म्हणून एकदल. जास्वंदीत मधल्या शिरेला फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि त्यांचं जाळं, म्हणून द्विदल. नियम चांगला आहे आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो. मी आज बोलणार आहे तो फोटोवरून हाच नियम लावताना तो कुठे फसवतो त्याबद्दल, कारण मी स्वतः फसलोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. समांतर शिरा म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या शिरा, असं नाही. गवताचं पान उन्हाकडे धरून भिंगातून पाहिलंत तर उभ्या शिरांच्या मधे बारीक आडवे दुवे दिसतात. काही बांबूंच्या पानात ते इतके स्पष्ट असतात की मागची बाजू फरशी बसवल्यासारखी चौकटीचौकटींची वाटते. म्हणजे जोडणी दोन्हीकडे आहे. फरक हा की एकदलात मुख्य शिरा सगळ्या साधारण एकाच तोलाच्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या अगदी किरकोळ. द्विदलात पायऱ्या असतात: जाड, त्याहून बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी जाळीच्या घरात शिरून मोकळ्या टोकाने संपणारी शीर.

केळीचं पान इथे ओळखीचं आहे. मधे जाड दांडा असल्यामुळे घाईत बघणारा ते जास्वंदीच्या जातीचं समजतो. पण दांड्यापासून निघणाऱ्या शिरा कडेपर्यंत एकमेकींना समांतर, दाट ओळीत जातात. वाऱ्याने केळीची पानं कडेपासून दांड्यापर्यंत सरळ रेषेत फाटतात, त्या चिरा म्हणजे दोन शिरांमधली वाटच. त्यामुळे फाटक्या केळीच्या पानाचा फोटो मला चांगल्या पानापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. हळद आणि कर्दळीची मांडणीही अशीच.

आता माझी फजिती. ओळखीच्या एका बागायतदाराने पावसाळ्यात फोनवर एक फोटो पाठवला. सुपारीच्या झाडावर आपोआप आलेला एक वेल चढला होता. प्रश्न असा: ही रानमिरी आहे का? असेल तर ठेवतो, नाहीतर तोडतो. फोटोत एकच पान, वरून काढलेलं, चकचकीत, हृदयाच्या आकाराचं. बुडापासून सात शिरा निघून टोकाकडे वळलेल्या, मधे जाळी. मी म्हटलं, जाळी आहे म्हणजे द्विदल, पान हृदयाकृती, सुपारीवर चढलंय, म्हणजे मिरवेलच. उत्तर पाठवायला मला अर्धा मिनिट लागला असेल.

दिवाळीच्या सुमारास दुसरा फोटो आला. वेल पिवळा पडून वाळत चालला होता आणि पानांच्या बेचक्यांतून बटाट्यासारखे खडबडीत गोळे लटकत होते. करांदा. मिरवेल अशी वर्षातून एकदा वाळून जात नाही आणि तिला बेचक्यात कंद लागत नाहीत. करांदा तर एकदल, कोनफळाच्या कुळातला.

मग मी पहिला फोटो पुन्हा उघडला. मोठा करून पाहिला आणि जाणवलं, की उत्तर त्यात होतं. मिरीच्या पानात सात शिरा असल्या तरी सगळ्या बुडापासून निघत नाहीत. बाकीच्या बुडातून, पण सगळ्यात वरची जोडी मधल्या शिरेवर दीड ते साडेतीन सेंटिमीटर चढून मग फुटते आणि तिच्या दोन बाजूही बहुतेकदा समोरासमोर नसतात, एक खाली एक वर. मधली शीर इतरांपेक्षा ठळक असते, तिलाच फांद्या फुटतायत हे दिसतं. माझ्या फोटोत तसं काही नव्हतं. सातही शिरा देठ पात्याला मिळतो त्या एकाच बिंदूतून निघत होत्या. मधली शीर शेजारच्या दोघींपेक्षा फारशी जाड नव्हती. मधल्या तीन-चार थेट निमुळत्या टोकात जाऊन भेटत होत्या. आणि मी ज्याला जाळी म्हणत होतो, ती दोन मुख्य शिरांच्या मधे शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवी लावलेली होती. म्हणजे मूळ आराखडा गवताचाच होता. कमानीसारख्या वाकलेल्या समांतर शिरा, आणि मधले दुवे तेवढे ठळक झालेले. जाळी खरी होती, पण ती समांतर शिरांच्या मधे विणलेली होती.

म्हणून फोटो आला की मी आता जाळी आहे की नाही हा प्रश्न शेवटी ठेवतो. आधी मोठ्या शिरा कुठून निघतात आणि कुठे संपतात ते पाहतो. विड्याच्या पानालाही हीच कसोटी लागते, फक्त तिथे वरची जोडी बहुधा समोरासमोर असते आणि बुडाच्या जरा जवळ, सेंटिमीटरभर ते दोन सेंटिमीटरवर फुटते. उद्या पानपट्टीच्या ठेल्यावर पान उलटं करून बघा.

करांद्याचा अपवाद एकटा नाही. घोटवेल तसाच: हृदयाकृती पान, कमानदार शिरा, मधे जाळी, आणि एकदल. त्याचा वेल काटेरी असतो आणि देठाच्या बुडाशी दोन तणावे असतात, म्हणून थोडं खोड फोटोत आलं तर तो लगेच ओळखू येतो. सुरणही एकदल आणि जाळीदार. अळूची गोष्ट तर घराघरातली. अळूवडीसाठी पानाच्या मागच्या जाड शिरा तासताना मधल्या दांड्यापासून फुटलेल्या फांद्या आपण रोज पाहतो, आणि तरी अळू एकदल. त्याची खूण कडेला आहे. पान उजेडाकडे धरलं की काठाच्या जरा आत, काठाला समांतर धावणारी एक शीर दिसते आणि आतून आलेल्या शिरा तिला येऊन मिळतात.

असं का होतं? वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एकदलांच्या वंशवृक्षावर हा गुण ठेवून पाहिला. जाळीदार शिरा एकदलांत एकदाच नव्हे, वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आलेल्या दिसल्या, आणि त्या बहुतेककरून जंगलातल्या सावलीत वाढणाऱ्या वंशांत. सावलीत पान पातळ आणि रुंद लागतं. रुंद पातळ पात्याला आधार आणि पाणी पुरवायचं तर लांब लांब समांतर नळ्यांपेक्षा फांद्यांची रचना स्वस्त पडते. आपल्याकडे आंब्याच्या सावलीत काय वाढतं आठवा: अळू, सुरण, करांदा.

उलटी फसगतही होते. कोकणात डोंगरउतारांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ घ्या. कोयत्यासारखं वाकलेलं 'पान', त्यात तीन-चार मुख्य शिरा बुडापासून टोकापर्यंत चक्क समांतर. फोटो पाहणारा बांबू म्हणेल. पण ते पान नव्हेच, तो चपटा झालेला देठ आहे. बियाण्यातून नुकतं उगवलेलं रोप पाहा, त्याची पहिली पानं आपल्या बाभळीसारखी पिसांची असतात, मग हळूहळू देठ रुंद होत जातो आणि पिसं गळतात. झाड अर्थात शेंगावर्गातलं, द्विदल. स्वयंपाकघरातल्या तमालपत्रातही बुडाजवळून तीन शिरा टोकापर्यंत जातात, पण त्यांच्यामधली जाळी भरगच्च असते.

इथे एक खोच. मिरी, विड्याचं पान, तमालपत्र यांना मी सवयीने द्विदल म्हणतोय. बियांत दोन दलं आहेत, म्हणून शाळेच्या अर्थाने ते बरोबरच. पण मिरीच्या परागकणावर खाच एकच, एकदलांसारखी. जास्वंदीच्या मोठ्या गटात मूळची मांडणी तीन खाचांची. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने डीएनएवर आधारित वर्गीकरण मांडलं तेव्हा 'द्विदल' हा एकसंध गट त्यात उरला नाही. मिरी आणि दालचिनीची कुळं वेगळ्या शाखेवर गेली आणि तीन खाचांवाल्यांना 'खरे द्विदल' म्हणायला लागले. म्हणून जाळी पाहून 'हे बहुधा एकदल नाही' एवढंच म्हणावं, 'हे खरं द्विदल आहे' असं म्हणू नये.

फोटोबद्दल थोडं. मला येणाऱ्या दहांपैकी आठ फोटो वरच्या बाजूने, फ्लॅश मारून काढलेले असतात, आणि चकाकीत शिरा नाहीशा होतात. पान उलटं करा, मागे आकाश ठेवा आणि फोकस पानाच्या मध्यभागी टेकवा. मागून उजेड आला की बारीक जाळी उठून दिसते. एक फोटो पूर्ण पानाचा, आणि दुसरा फक्त देठ पात्याला मिळतो त्या जागेचा, थोडं खोड धरून. फोटो पाठवताना फाईल म्हणून पाठवा, कारण मेसेजमधून दाबून लहान झालेल्या फोटोत बारीक जाळी पुसली जाते आणि जास्वंदही गुळगुळीत वाटते. शिरांची मोकळी टोकं तर फोनच्या फोटोत सहसा दिसतच नाहीत. दिसली तरी एकट्या त्या खुणेवर निकाल देऊ नका, जाळीदार एकदलांतही ती असू शकतात.

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, "मोठ्या शिरा फांद्यांसारख्या फुटलेल्या, मधे भरगच्च जाळी, बियांत दोन दलं. मग तरी द्विदल नक्की ना?"

नाही, तेवढ्यानेही नाही. सह्याद्रीच्या दाट जंगलात नीटम नावाचा जाड खोडाचा वेल आहे. पानं समोरासमोर, आंब्याजांभळासारखी जाळीदार, बीत दोन दलं. तो एकदल नाही आणि द्विदलही नाही, फुलझाडच नाही. त्याच्या बिया फळात झाकलेल्या नसतात, देवदार आणि सायकसच्या बाजूचा तो आहे. पानाच्या फोटोवरून हे कळणार नाही, पिकल्यावर लाल-नारिंगी होणाऱ्या बियांचा घोस दिसला तरच कळेल.