कुत्रा चावल्यावर ‘मुंबईला गेल्यावर दाखवू’ असे का म्हणू नये

नमस्कार मंडळी. मी मुंबईतील एका दवाखान्यात लस देण्याचे काम करते. मे महिन्याच्या सुटीनंतर आणि गणपतीनंतर आमच्याकडे असे काही रुग्ण हमखास येतात, ज्यांना कुत्रा गावी चावलेला असतो आणि रेबीजची पहिली लस मात्र मुंबईत परतल्यावर, चार-पाच दिवसांनी, घ्यायची राहिलेली असते. घरच्यांना विचारले की उत्तर ठरलेले असते: जखम छोटी होती, तिकिटे काढलेली होती, मुंबईला मोठे दवाखाने आहेत, तेव्हा तिथे गेल्यावर दाखवू असे ठरले. आज मी गावातल्या मंडळींशी त्या चार दिवसांविषयीच बोलणार आहे.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. सुटीत गावी आलेला 9 वर्षांचा एक मुलगा आहे, त्याचे वजन 22 किलो आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाडीतल्या रस्त्यावर एक भटका कुत्रा त्याच्या अंगावर धावून येतो, त्याच्या गालाला दात लावतो आणि कुत्र्याला ढकलताना त्याच्या उजव्या हाताच्या बोटालाही चावा बसतो. गालावर दोन लहान छिद्रे आहेत, थोडे रक्त आले आहे. मुंबईची गाडी गुरुवारी आहे.

पहिले काम घरातच, त्याच क्षणी करायचे आहे. (बादली, तांब्या आणि साबणाची वडी समोर ठेवून) नळ असेल तर जखम नळाच्या धारेखाली धरावी, नसेल तर एकाने हापशाचे पाणी भरत राहावे आणि दुसऱ्याने तांब्याने सतत धार सोडावी. साबण अंगाचा असो वा कपड्याचा, जो हाताशी असेल तो चालतो. जखमेवर साबण लावायचा, फेस आत जाईल अशा बेताने बोटांनी हळुवार चोळायचे, धुऊन टाकायचे, पुन्हा साबण लावायचा, आणि हे घड्याळ लावून पूर्ण 15 मिनिटे करायचे. मूल रडत असताना पंधरा मिनिटे फार मोठी वाटतात, आणि बहुतेक घरांत दोन-तीन मिनिटांत धुणे थांबते, कारण रक्त वाहायचे थांबलेले असते आणि जखम स्वच्छ दिसू लागते. पण आपण दिसणारी माती धूत नसून न दिसणारी लाळ धूत आहोत, म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता घड्याळावर ठेवावा. धुणाऱ्याच्या हातावर आधीच चिरा किंवा ओरखडे असतील, तर त्याने हातमोजे किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात घालावी आणि नंतर स्वतःचे हातही साबणाने धुवावेत.

साध्या साबणाने एवढा फरक का पडतो, हे एकदा समजले की पंधरा मिनिटे धुण्याचा कंटाळा येत नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येतो, आणि त्याच्या अंगावर एक पातळ चरबीचे वेष्टण असते. तेलकट ताटलीवरचा थर साबणाने जसा सुटतो, तसे हे वेष्टण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो, तर वाहत्या पाण्याने उरलेला भाग धुऊन जातो. धुतल्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडिनचे औषध असेल तर ते लावावे. जखमेवर चुना, हळद, तिखट, तेल किंवा कॉफीची पूड मात्र मुळीच लावू नये, कारण त्याने जखमेची आग होते, आतली छिद्रे बुजतात आणि दवाखान्यात गेल्यावर तीच जखम पुन्हा उघडून धुवावी लागते. जखम घट्ट बांधू नये. गालावरची जखम आहे म्हणून चेहऱ्यावर व्रण राहू नये यासाठी लगेच टाके घालून घेण्याचा आग्रहही धरू नये. टाके घालताना विषाणू आणखी खोल मज्जातंतूंपाशी ढकलला जाण्याची भीती असते, म्हणून ते शक्य तितके टाळले जातात, आणि फारच गरज असेल तर जखमेत सिरम नावाचे रेबीजविरोधी औषध भरल्यानंतर, सैलसर घातले जातात.

आता आपल्या उदाहरणातील जखम नीट धुतली गेली, असे समजू. तरीही खोल छिद्रात शिरलेली सगळी लाळ बाहेर आली, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून सोमवारी सकाळी उघडताच आरोग्य केंद्र गाठायचे आहे, आणि रात्रीची सोय असलेले ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर रविवारी रात्रीच जायचे आहे.

इथे ‘गुरुवारपर्यंत थांबलो तर काय बिघडते’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो विचारण्यासारखाच आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो चाव्याच्या जागी स्नायूत काही काळ राहतो, मग तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. लस घेतली की शरीर विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे तयार करू लागते, पण ती पुरेशी तयार व्हायला साधारण 7 ते 14 दिवस जातात. म्हणजे एका बाजूला विषाणू चालत आहे आणि दुसऱ्या बाजूला आपली संरक्षणाची तयारी सुरू आहे, आणि त्या तयारीचा पहिला दिवस आपण लस घेतो तेव्हाच सुरू होतो, कुत्रा चावला तेव्हा नाही. सोमवारऐवजी गुरुवारी लस घेतली तर संरक्षणही तीन दिवस मागे सरकते. पायाला चावा असेल तर मेंदूपर्यंतचा रस्ता लांब असतो. गालापासून तो फार जवळ आहे, आणि बोटांच्या टोकांत मज्जातंतूंची दाटी असते, म्हणून या मुलाच्या दोन्ही जखमा, दिसायला लहान असल्या तरी, धोक्याच्या आहेत.

लस आपले काम सुरू करेपर्यंतचे हे मधले दिवस भरून काढण्यासाठीच सिरम असते. सिरममध्ये तयार प्रतिपिंडे असतात आणि ती थेट जखमेत व जखमेच्या कडेने सुईने सोडली जातात. चाव्यातून रक्त आले असेल, किंवा आधीच्या उघड्या जखमेला कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर सिरमही लागते. रक्त न येता नुसता ओरखडा उठला असेल, तर जखम धुणे आणि लस घेणे पुरते. सिरम वजनावर ठरते. घोड्यापासून केलेले सिरम किलोमागे 40 युनिट या हिशोबाने देतात, म्हणजे या मुलासाठी जास्तीत जास्त 880 युनिट, आणि मानवी रक्तापासून केलेले किलोमागे 20 युनिट, म्हणजे 440. हे आकडे पाठ करायला नव्हे, तर केसपेपरवर मुलाचे वजन अंदाजाने न लिहिता काट्यावर करून लिहिले जावे म्हणून मी सांगते.

लहान आरोग्य केंद्रात कधीकधी लस असते आणि सिरम नसते. तेव्हा ‘सगळे एकाच ठिकाणी घेऊ’ म्हणून परत फिरू नये. लस तिथेच सुरू करून घ्यावी आणि सिरमसाठी चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. पहिल्या लसीनंतर सात दिवसांपर्यंत सिरम देता येते, त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात.

आणखी एक चूक मी फार वेळा पाहिली आहे आणि ती पाहून जीव हळहळतो. कुत्रा चावल्यावर जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतलेले असते, घरचे निर्धास्त झालेले असतात, आणि कागद पाहिला की ते इंजेक्शन धनुर्वाताचे निघते. धनुर्वाताचे इंजेक्शन अशा जखमेनंतर लागू शकते, ते देण्यात काही चूक नाही, पण रेबीजशी त्याचा काहीही संबंध नाही. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी ‘हे रेबीजचे आहे ना, आणि पुढचा डोस कधी?’ असे स्पष्ट विचारावे आणि तारखा लिहिलेले कार्ड हातात घ्यावे.

आपल्या मुलाचे कार्ड असे दिसेल. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी ही लस त्वचेच्या आत, दोन्ही दंडांवर थोडी थोडी दिली जाते आणि टोचल्याजागी मसुराएवढा फुगवटा येतो. पहिला डोस सोमवारी, तोच शून्यावा दिवस. मग तिसरा दिवस म्हणजे गुरुवार, सातवा दिवस म्हणजे पुढचा सोमवार, आणि शेवटचा डोस अठ्ठाविसाव्या दिवशी, तोही सोमवारीच. स्नायूत लस देत असतील तर चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. वयस्कर माणसे अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण सांगतात, आणि त्या भीतीने कुत्रा चावल्याचे लपवणारी मुलेही मी पाहिली आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे, आणि 2004 च्या अखेरीस आपल्या देशात तिचे उत्पादन बंद झाले. आज पोटात एकही सुई टोचत नाहीत. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही ही लस देता येते आणि तिच्यासाठी कोणतेही पथ्य नाही.

‘कुत्रा पाळीव आहे, दहा दिवस नजर ठेवू आणि तो आजारी पडला तर लस घेऊ,’ असेही सांगितले जाते. दहा दिवस नजर ठेवणे बरोबर आहे, लस त्यासाठी थांबवणे चूक आहे. आजाराची लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ शकतो, म्हणून चावताना कुत्रा अगदी धडधाकट दिसू शकतो. लस सुरू करावी, आणि दहाव्या दिवशी तो कुत्रा जिवंत व ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. भटका कुत्रा पुन्हा दिसलाच नाही, तर प्रश्नच उरत नाही, सगळे डोस पूर्ण करायचे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागला तरी नियम हाच आहे, कारण पिल्लांनाही रेबीज होतो.

गुरुवारच्या गाडीचे आता काय करायचे? दुसरा डोस त्याच दिवशी येतो, तेव्हा सकाळी गावात डोस घेऊन मग गाडीत बसावे. उरलेले दोन डोस मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात मिळतात, त्यासाठी गावचे कार्ड दाखवले की पुरते. प्रवासात एखादी तारीख चुकलीच तर दुसऱ्या दिवशी जाऊन तिथूनच पुढे सुरू करायचे असते, पहिल्यापासून नाही.

आणि हे ऐकताना कोणाला दोन महिन्यांपूर्वी चावलेला कुत्रा आठवला असेल, तेव्हा लस घेतली नसेल, तरीही उद्या सकाळी जाऊन लस सुरू करावी. चाव्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, क्वचित वर्षाहूनही अधिक. जखम भरून आलेल्या जागी मुंग्या येऊ लागल्या, पाणी पिताना घसा आवळू लागला, वाऱ्याची झुळूकही सोसेना झाली, की मग जगात कुठेही खात्रीचा उपचार नाही. आज काहीही होत नसेल, तर लस अजूनही उपयोगी पडू शकते.