एका ऑर्डरचे घटक मोजता आले की

(इंदूरच्या रामबागेत बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, आयआयटी जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका तुम्ही वर्षवार सोडवता. बीजगणितापुरतं तसं करू नका. ग्रुप थिअरीचे सगळे प्रश्न एका वहीत काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की इथे नेमकं काय मोजायला सांगितलं आहे. बऱ्याच प्रश्नांच्या तळाशी एकच काम दिसेल: अमुक ऑर्डरचे घटक किती? म्हणून तयारीचा पहिला आठवडा मी यालाच देईन.

एक प्रश्न पाहू. Z_4 पासून S_4 पर्यंत होमोमॉर्फिझम किती? दरवर्षी माझ्या वर्गात निम्मे हात वर होतात आणि उत्तर येतं, 4. कारण Z_m ते Z_n साठी gcd(m, n) हे सूत्र पाठ असतं आणि S_4 मध्ये 24 घटक आहेत एवढं आठवतं. पण ते सूत्र दोन्ही ग्रुप चक्रीय असतानाचं आहे. S_4 चक्रीय नाही.

मग सूत्र सोडा, मुळाशी जा. Z_4 मधला 1 कुठे पाठवायचा एवढंच आपल्या हातात असतं. तो a वर गेला, तर a⁴ = e व्हायलाच हवं; आणि असा कुठलाही a चालतो. म्हणजे S_4 मधले ज्यांची ऑर्डर 4 ला भागते असे घटक मोजायचे. एकक 1, दोन अंकांची अदलाबदल करणारे 6, अशा दोन सुट्या अदलाबदलींचे 3, चार लांबीची चक्रं 6. बेरीज 16. उरलेली 8 तीन लांबीची चक्रं, त्यांची ऑर्डर 3, ती बाद. 16 आणि 8 मिळून 24 झाले, म्हणजे मोजणी बरोबर. हा ताळा कधीच टाळू नका. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नात पर्याय समोर नसतात, चूक दाखवणारं दुसरं कोणी नसतं.

S_3, S_4, S_5 चे असे तक्ते हाताने करा, छापील बघू नका. S_5 मध्ये ऑर्डर 6 चे घटक 20 का, हे तीन अंक निवडताना आपोआप कळतं: निवड 10 प्रकारे, चक्र 2 प्रकारे, उरलेले दोन अंक अदलाबदल करतात.

आता बाण उलटा करा: S_4 पासून Z_4 कडे. इथे वरची मोजणी लागू होत नाही, आणि नेमकी इथेच मुलं फसतात. S_4 मधल्या सगळ्या अदलाबदली एकमेकींच्या कॉन्जुगेट आहेत, Z_4 क्रमनिरपेक्ष आहे, त्यामुळे त्या साऱ्या एकाच घटकावर जातात. त्याची दुप्पट शून्य हवी, म्हणजे तो 0 किंवा 2. आणि अदलाबदलींपासूनच सगळा S_4 तयार होतो. 0 घेतला तर सगळंच शून्यावर, 2 घेतला तर सम घटक 0 वर, विषम 2 वर. उत्तर 2.