वारारोधकाची रोपे मोजताना

मंडळी, शेताभोवती झाडांच्या तीन ओळींचा वारारोधक लावायचा, तर रोपे किती लागतील? बहुतेक जण एका बाजूची लांबी रोपांमधल्या अंतराने भागतात, त्यात एक मिळवतात, चारही बाजूंची बेरीज करतात आणि तिनाने गुणतात. सुटी, सरळ एकच ओळ असेल तर हा हिशोब बरोबर आहे. शेताला वेढा घालताना मात्र तो चुकतो.

समजा, बाहेरची ओळ १२० मीटर लांब आणि ९० मीटर रुंद आहे. दोन रोपांत ३ मीटर, दोन ओळींतही ३ मीटर. वरच्या रीतीने एका ओळीला १४४ आणि एकूण ४३२ रोपे येतात. पण कोपऱ्यावरचं रोप दोन्ही बाजूंचं असतं, ते आपण दोनदा मोजलं. वेढ्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, म्हणून एक मिळवायचा नाही. परीघ ४२० मीटर, रोपे १४०. शिवाय आतली प्रत्येक ओळ दोन्हीकडून तीन-तीन मीटर आत सरकते. मधली ११४ बाय ८४ म्हणजे १३२ रोपे, आतली १०८ बाय ७८ म्हणजे १२४. एकूण ३९६.

आता झिगझॅग, म्हणजे मधल्या ओळीचं रोप शेजारच्या ओळींतल्या दोन रोपांच्या मधोमध आणायचं. माझी पहिली आखणी इथेच फसली होती. मधल्या ओळीच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकली आणि तिथून तीन-तीन मीटर मोजत गेलो. पण ती ओळ तीनच मीटर आत होती, त्यामुळे तिची रोपे बाहेरच्या रोपांच्या बरोबर समोर आली आणि तिन्ही ओळींतून आरपार दिसू लागलं. वाऱ्याला सरळ बोळच मिळाला! मधल्या ओळीचा कोपरा रिकामा सोडून दीड मीटरवर पहिली खुंटी ठोका. संख्या १३२ च राहते. कोपऱ्यालगतची दोन रोपे एकमेकांपासून २.१ मीटरवर येतात, तेवढी जवळीक चालते. खड्डे खणण्याआधी बाहेर उभं राहून दोन खुंट्यांमधून सरळ आत बघा, मधल्या ओळीची खुंटी समोर दिसली पाहिजे.

वाटेसाठी ९ मीटर सोडले, तर बाहेरची २, मधली ३, आतली २ अशी सात रोपे कमी होतात. राहिली ३८९. ही वाट जोराचा वारा येतो त्या बाजूला ठेवू नका, फटीतून वारा उलट जास्तच वेगाने घुसतो.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला दहा टक्के रोपे जास्त घ्या, पण ओळीनुसार. बाहेर झुडपं १३८ अधिक १४, मध्ये उंच झाडं १२९ अधिक १३, आत मध्यम उंचीची १२२ अधिक १२. सरसकट ४२८ रोपे मागवली, तर उंच झाडाच्या नांगीत झुडूप लावायची वेळ येते आणि ऐन मधल्या ओळीत, वरच्या बाजूला, भोक राहतं. जादा रोपे पिशवीतच वाढवा आणि पहिल्याच वर्षी नांग्या भरून घ्या. उशीर झाला की शेजारची झाडं वर निघून जातात आणि नवं रोप त्यांच्या सावलीत खुरटतं.